अधिकार प्रदान दस्तऐवजाचा तक्ता करताना माझं काय चुकलं

कोणत्या पदाला किती खर्च मंजूर करता येतो, हे अधिकार प्रदान दस्तऐवज सांगतो. त्याचा पहिला तक्ता मी सरळसोट केला होता: आडव्या ओळींत पदनाम, उभ्या रकान्यांत खर्चाचा प्रकार, चौकटीत मर्यादा. विभागप्रमुख, दुरुस्ती: 5 लाख. त्यावर विसंबून विभागप्रमुखांनी बजेटबाहेरची 3 लाखांची दुरुस्ती मंजूर केली आणि लेखापरीक्षणात ती अडकली. दस्तऐवजाच्या शेवटी, सर्वसाधारण अटींमध्ये एक वाक्य होतं: बजेटबाहेरील खर्चाला सर्व मर्यादा निम्म्या. म्हणजे त्यांची खरी मर्यादा अडीच लाखच होती.

एका चौकटीत एकच आकडा मावतो, अट मावत नाही. म्हणून मी तक्त्याची मांडणी बदलून तो उभा, लांबट केला. प्रत्येक ओळीत पदनाम, खर्चाचा प्रकार, बजेटमधला की बाहेरचा, मर्यादा, ती प्रत्येक व्यवहाराला की वर्षभराच्या बेरजेला, आणि कलम क्रमांक. विभागप्रमुखांच्या दुरुस्तीच्या आता दोन ओळी झाल्या, 5 लाख आणि 2.5 लाख, दुसरीपुढे दोन्ही कलमांचे क्रमांक. कलम क्रमांकाचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण वाद झाला की तोच कामी येतो.

रिकामी चौकट मात्र एकही ठेवली नाही. अधिकार नसेल तिथे 0, अमर्याद असेल तिथे ‘पूर्ण अधिकार’, आणि दस्तऐवजच गप्प असेल तिथे ‘उल्लेख नाही’. शेवटी खर्चाच्या प्रकारानुसार लावून पाहिलं, तेव्हा प्रवासखर्चात कनिष्ठाची मर्यादा वरिष्ठापेक्षा जास्त दिसली. टंकताना माझ्याकडून एक शून्य जास्त पडलं होतं.