थर्मल व्हिडिओत निळं दिसलं म्हणजे ओल असेलच असं नाही

थर्मल कॅमेऱ्याने घरातली ओल शोधायच्या कामात नव्याने येणारे आधी रंगांवर भाळतात. पण कॅमेऱ्याला ओल दिसतच नाही. त्याला फक्त पृष्ठभागाचं तापमान कळतं, ओल आहे की नाही हे आपण ठरवायचं असतं.

व्हिडिओ उघडला की आधी कडेची तापमानपट्टी बघा, कोणता रंग म्हणजे किती तापमान हे ती सांगते. ती ऑटोवर असेल तर कॅमेरा तापलेल्या खिडकीकडे वळताच सगळे रंग सरकतात आणि पिवळी भिंत एकाएकी निळी होते. म्हणून चित्रीकरणाआधीच पट्टी लॉक करावी. टाइल्सवरचा गरम ठिपका कॅमेऱ्याबरोबर सरकत असेल तर ते बहुतेक आपलंच प्रतिबिंब. फोटोत हे कळत नाही, व्हिडिओत लगेच कळतं.

नागपुरातला वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट सांगतो. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४३ अंश, आत एसी. स्लॅब सगळीकडे सारखाच तापलेला होता, त्यात नवल नव्हतं. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावला, तशी खिडकीच्या चौकटीपासून भिंतीवर पिसासारखी फाकलेली गरम रेघ उमटली. ही फटीतून शिरणारी हवा. बीम किंवा कॉलममुळे रंग बदलतो तेव्हा कडा सरळ असतात, अशा फाकत नाहीत.

थंड डाग मात्र दोन होते. एक एसीसमोरच्या भिंतीवर, दुसरा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या तळाशी, आजूबाजूपेक्षा साधारण ३ अंशांनी थंड. एसी बंद करून अर्ध्या तासाने परत चित्रीकरण केलं. पहिला डाग विरला. तो एसीच्या झोताचा होता. दुसरा तसाच राहिला. तिथे मॉइश्चर मीटरच्या पिना टेकवल्या तर आकडा चढला, हातभर बाजूला प्लास्टर कोरडं. भिंतीतल्या पाइपचा जोड गळत होता. मीटर न लावता घरमालकाला भिंत फोडायला सांगू नका.

हा डाग थंड होता, कारण ओलीतलं पाणी वाफ होताना भिंतीतली उष्णता घेतं. हवाच दमट असली की हा खेळ थंडावतो, म्हणून जुलैत खरी ओलही फिकी दिसते. आपल्याकडे कूलर तेच करतो, शिवाय समोरची भिंतही गार करून ठेवतो. तपासणीच्या आदल्या रात्रीपासून कूलर बंद ठेवायला सांगावं. लोक कुरकुरतात, पण इलाज नाही.

गच्चीवर हिशेब उलटा होतो. दिवसभर ऊन खाल्लेल्या कोब्यात पाणी मुरलेलं असेल तर ती जागा सूर्यास्तानंतर उशिरा निवते, म्हणजे तिथे ओल गरम दिसते. म्हणून गच्चीचं चित्रीकरण दिवे लागल्यावर करतो, आणि टाकीची सावली दुपारभर कुठे पडत होती ते आधीच विचारून ठेवतो. सावलीतली जागा कमी तापलेली असते, मग तिच्या शेजारचा कोरडा कोबाही ओला वाटायला लागतो.