वर्गमुळाच्या रेघेने घातलेला घोळ

गुहागरहून पुतणीने पुस्तकातल्या गणिताचा फोटो पाठवला. "काका, इन्व्हर्स काढलाय, पण मागचं उत्तर जुळत नाही." बाहेर पाऊस, घरात लाईट नाही, त्यामुळे फोटोत अर्ध्या पानावर तिच्याच हाताची सावली. वर्गमुळाची रेघ कुठे संपते तेच दिसेना.

मी `√(x − 3 + 2)` असं वाचलं. म्हणजे `√(x − 1)`, आणि त्याचा इन्व्हर्स `x² + 1`. पण कोणी `−3 + 2` असं सुटं कशाला छापेल? खिडकीपाशी नेऊन पुन्हा फोटो काढायला लावला. रेघ 3 वरच संपत होती: `f(x) = √(x − 3) + 2`.

मग `y = √(x − 3) + 2` मधून `y − 2 = √(x − 3)`, वर्ग करून `x = (y − 2)² + 3`. अक्षरांची अदलाबदल केली:

`f⁻¹(x) = (x − 2)² + 3`

पोरीचंही हेच आलं होतं. चूक डोमेनमध्ये होती. वर्गात कुठलीही संख्या चालते, म्हणून तिने "सर्व वास्तव संख्या" लिहिलं होतं. मी म्हटलं, 0 घालून बघ. 7 आले. आता 7 मूळ फंक्शनमध्ये घाल. `√4 + 2 = 4`. परत 0 यायला हवा होता!

वर्गमूळ कधी ऋण नसतं, म्हणून `f` ची किंमत 2 च्या खाली जात नाही. `f` ची रेंज तेच इन्व्हर्सचं डोमेन, म्हणून `x ≥ 2`. वर्ग करताना ही अट पुसली जाते. ती वर्ग करण्याआधीच, `y − 2 ≥ 0` अशी, बाजूला लिहून ठेवायची.

"मागे `x ≥ 2` च आहे," ती म्हणाली. आधी सांगायचं ना गो!