इंग्रजी मुलाखतीत तांत्रिक गोष्ट सांगताना : निष्कर्षासाठी ताटकळत ठेवू नका

म्युनिकमध्ये शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात असलेल्या आपल्या मुलामुलींची मुलाखतीची तयारी मी गेली काही वर्षे करून घेत आले आहे. जर्मन विद्यापीठाची पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो, त्यामुळे वेळ अगदीच कमी नसतो. मात्र तो बहुतेक जण कोडिंगची कोडी सोडवण्यात घालवतात आणि सोडवलेले कोडे तोंडाने समजावून सांगण्याचा सराव राहून जातो. येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत तांत्रिक मुलाखती पुष्कळदा इंग्रजीत होतात आणि समोर बसलेली व्यक्ती पोलंडची, ब्राझीलची किंवा जर्मनीचीच असते, म्हणजे तिचीही मातृभाषा इंग्रजी नसते. म्हणून आपल्या उच्चारांची जितकी धास्ती आपण घेतो तितकी घेण्याचे कारण नाही. खरी अडचण वाक्याच्या बांधणीत असते, आणि ती मराठीतून येते.

एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. समजा, तुम्ही पेमेंट सांभाळणाऱ्या प्रणालीवर काम केले आहे आणि तुम्हाला विचारले की तुम्ही सोडवलेली एखादी अवघड अडचण सांगा. मनात मराठी वाक्य तयार होते ते साधारण असे : ‘रिक्वेस्ट टाइमआउट झाल्यावर ॲपने ती पुन्हा पाठवल्यामुळे, पहिले पेमेंट सर्व्हरवर पूर्ण झालेले असतानाही, काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले.’ मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. ‘झाल्यावर’, ‘पाठवल्यामुळे’, ‘असतानाही’ या रूपांवर कारणे एकामागून एक टेकत जातात, मुख्य क्रियापद शेवटी येते आणि ऐकणारा मराठी माणूस तोवर सहज थांबतो. हेच वाक्य त्याच क्रमाने इंग्रजीत नेले की ‘आफ्टर’, ‘ड्यू टू’, ‘ईव्हन दो’ अशी तीन अर्धी वाक्ये आधी येतात. इंग्रजी ऐकणाऱ्याला कोणी काय केले हे लवकर कळण्याची सवय असते. तसे झाले नाही तर कोणत्या घटनेची कारणे चालली आहेत हे त्याला उमगत नाही, आणि तुम्ही मुद्द्यावर पोहोचता तेव्हा सुरुवातीची कारणे त्याच्या लक्षातून गेलेली असतात.

माझ्या येथील पहिल्या मुलाखतीत नेमके हेच झाले होते. मी घटनाक्रम पहिल्यापासून सांगत गेले, आणि पाच-सहा मिनिटांनी समोरच्या बाईंनी शांतपणे विचारले, ‘सो व्हॉट वॉज द प्रॉब्लेम?’ मी तोच तर सांगत होते. हा प्रश्न किंवा याच्या जवळचा एखादा प्रश्न कानावर आला, किंवा तुम्ही नुकतेच सांगितलेले पुन्हा विचारले गेले, तर तुमचा निष्कर्ष वाक्यांच्या तळाशी राहिला आहे असे समजावे आणि तेथेच थांबून एका वाक्यात तो पुढे आणावा.

वरचे वाक्य इंग्रजीसाठी असे मोडता येते : ‘सम कस्टमर्स वेअर चार्ज्ड ट्वाइस. द फर्स्ट रिक्वेस्ट हॅड सक्सीडेड, बट द रिप्लाय केम टू लेट. सो द ॲप सेंट द सेम रिक्वेस्ट अगेन. द सर्व्हर कुड नॉट टेल दॅट इट वॉज अ रिपीट.’ काय बिघडले ते पहिल्या वाक्यात आले. प्रत्येक वाक्याला स्वतःचा कर्ता आणि स्वतःचे क्रियापद आहे. ग्राहक, रिक्वेस्ट, ॲप आणि सर्व्हर यांपैकी कोणी काय केले हे वेगवेगळे ऐकू येते. ही वाक्ये शाळकरी वाटतील म्हणून पुष्कळ जण ती जोडू पाहतात. जोडू नयेत. मराठीत लांब वाक्य सावरता येणे हे चांगल्या भाषेचे लक्षण आहे, पण तोंडी तांत्रिक इंग्रजीत अनुभवी माणसेही अशीच लहान वाक्ये बोलतात.

यात ‘हॅड’ फक्त एकदाच आले आहे आणि ते जाणूनबुजून आले आहे. आपण ‘मी त्या प्रकल्पावर काम केले होते’ असे सहज म्हणतो आणि त्या ‘होते’चे ‘हॅड’ करून प्रत्येक वाक्यात ‘आय हॅड वर्क्ड’, ‘वी हॅड डिप्लॉइड’ म्हणत जातो. इंग्रजीत ‘हॅड’ म्हणजे दुसऱ्या एखाद्या भूतकाळातील घटनेच्याही आधीचे. बिघाडाची गोष्ट सांगताना काय आधी झाले आणि काय नंतर, यावरच सारे अवलंबून असते. सगळीकडे ‘हॅड’ लावले की हा क्रम पुसला जातो. साध्या भूतकाळात बोलावे आणि क्रम उलटा सांगायचा असेल तेथेच ‘हॅड’ वापरावे. तसेच प्रणाली नेहमी जे करते त्यासाठी ‘इज चेकिंग’ न म्हणता ‘चेक्स’ म्हणावे, कारण ‘इज चेकिंग’ म्हटल्यावर ते या क्षणी चालू आहे असा अर्थ होतो.

आता उपाय सांगण्याकडे वळू. ॲप प्रत्येक पेमेंटसाठी एक वेगळी की तयार करते आणि पुन्हा पाठवताना तीच की पाठवते. सर्व्हर ती की डेटाबेसमध्ये ठेवतो आणि एकच की दोनदा ठेवू देत नाही. फळ्यावर किंवा सामाईक स्क्रीनवर एवढेच लिहिले तरी पुरते :

```sql
CREATE UNIQUE INDEX ON payments (request_key);

INSERT INTO payments (request_key, amount)
VALUES ($1, $2)
ON CONFLICT (request_key) DO NOTHING;
```

येथे होणारी चूक म्हणजे कोड ओळीओळीने वाचून दाखवणे. समोरच्याला वाचता येते. तुम्ही त्या ओळींमुळे काय होते ते सांगायचे : पहिल्यांदा रो तयार होते, दुसऱ्यांदा शून्य रो तयार होतात, आणि शून्य दिसल्यावर सर्व्हर पुन्हा पैसे न कापता आधीचा निकाल परत देतो. येथेही निकाल आधी सांगावा : ‘द सेकंड रिक्वेस्ट इन्सर्ट्स नथिंग, सो वी रिटर्न द फर्स्ट रिझल्ट.’

यानंतर बहुधा विचारले जाते की आधी `SELECT` करून की आहे का ते पाहिले असते तर काय बिघडले असते. या उत्तरातच तुमची समज दिसते, आणि घाईमुळे वाक्ये पुन्हा मराठी वळणावर जातात तीही येथेच. निष्कर्षापासून सुरुवात करावी : ‘टू रिक्वेस्ट्स कॅन बोथ पास दॅट चेक.’ मग दोघींना नावे द्यावीत, ए आणि बी. ए पाहते, तिला की सापडत नाही. बी पाहते, तिलाही की सापडत नाही. ए पैसे कापते. बी पैसे कापते. प्रत्येक पायरीला एक वाक्य आणि प्रत्येक वाक्यात नाव; ‘इट’ आणि ‘दॅट’ शक्यतो टाळावेत. मराठीत क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळतो म्हणून आपण तो सहज गाळतो. इंग्रजीत तो गाळला किंवा त्याच्या जागी ‘इट’ घातले की ऐकणारा ए आणि बी यांची गल्लत करतो. युनिक इंडेक्स असेल तर पोस्टग्रेसमध्ये बीचे `INSERT` एचे ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत थांबते, म्हणून ही फट उरत नाही. या उपायाची मर्यादाही आपणहून सांगावी : पैसे बाहेरची सेवा कापत असेल आणि तिने ते कापल्यावर, पण आपली नोंद कायम होण्याआधी, आपला सर्व्हर बंद पडला, तर आपल्या डेटाबेसला काहीच कळत नाही. म्हणून तीच की त्या सेवेलाही पाठवावी लागते, आणि त्या सेवेला अशी की ओळखता यावी लागते.

तयारी करताना उत्तर आधी मराठीत लिहून त्याचे भाषांतर करू नये, कारण मग मराठीची बांधणीच इंग्रजीत उतरते. कागदावर ॲप, सर्व्हर, डेटाबेस आणि बाहेरची सेवा असे चार चौकोन काढावेत, बाणांना क्रमांक द्यावेत आणि त्या चित्राकडे पाहून थेट इंग्रजीत बोलावे. विचार मराठीत झाला तरी चालतो. वाक्य मात्र चित्रावरून उचलावे. हीच गोष्ट तीन लांबींत बसवावी : दोन वाक्यांत, दोन मिनिटांत आणि प्रश्नांसह दहा मिनिटांत. दोन मिनिटांत सुमारे २५० शब्दच मावतात, हे फोनवर स्वतःला ध्वनिमुद्रित केल्याशिवाय पटत नाही. ऐकताना व्याकरण तपासू नये. काय बिघडले होते हे कितव्या सेकंदाला कळते तेवढेच पाहावे. माझ्याकडे येणाऱ्यांना ते पहिल्या १५ सेकंदांत यायला हवे असे मी सांगते.

त्यानंतर मराठी न येणारा आणि तुमचे काम ठाऊक नसलेला एखादा सहनिवासी किंवा वर्गमित्र गाठावा. मराठी मैत्रिणीसमोर केलेला सराव फसवा असतो, कारण तिला आपले अर्धे वाक्यही पुरते. त्या मित्राला गोष्ट सांगून झाल्यावर ती त्याच्या शब्दांत परत सांगायला लावावी. तो जेथे अडखळेल किंवा अंदाज बांधेल, ते वाक्य मोडून पुन्हा रचावे.

बाकीच्या काही गोष्टी लवकर सुधारतात. लाख आणि कोटी येथे कोणाला कळत नाहीत; ५० लाख रेकॉर्ड्सना ‘फाइव्ह मिलियन’ आणि १२ कोटींना ‘अ हंड्रेड ट्वेंटी मिलियन’ म्हणायचे, आणि हे आकडे मुलाखतीत करत बसू नये, आधीच करून न्यावेत. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांची गफलत होते, म्हणून महत्त्वाचा आकडा लिहूनही दाखवावा. ‘cache’ला ‘कॅश’ म्हणतात, कॅशे नव्हे. ‘Determine’चा शेवट ‘मिन’ असा होतो, ‘माइन’ नव्हे. आणि ‘parameter’मध्ये जोर ‘रॅ’वर येतो. शंका विचारताना ‘आय हॅव अ डाउट’ म्हटले की तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही असा अर्थ निघू शकतो. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे.

शेवटी ‘आम्ही’विषयी. स्वतः केलेल्या कामालाही ‘आम्ही केले’ म्हणणे हा आपल्याकडचा विनय आहे, आणि तो मला आजही आवडतो. पण ‘वी ॲडेड द इंडेक्स’ असे ऐकल्यावर मुलाखत घेणाऱ्याला तुमच्या वाट्याचे काम कोणते होते हे कळत नाही, आणि त्याला तर तुमच्याविषयीच लिहायचे असते. ज्याची कल्पना तुमची होती किंवा जे तुम्ही हाताने केले, तेथे ‘आय’ म्हणावे. जे संघाने ठरवले तेथे ‘द टीम डिसायडेड’ म्हणावे. आमच्या उदाहरणात की ॲपने तयार करावी हे संघाने ठरवले असेल आणि `ON CONFLICT` तुम्ही सुचवले असेल, तर ही दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. मग पुढचा प्रश्न तुम्हाला नीट ठाऊक असलेल्या भागावर येतो.