आठवडाभर टिकणारी नेलपॉलिश: लक्ष द्या ते नखाच्या कडेवर

रविवारी रात्री लावलेली मरून नेलपॉलिश मंगळवारी सकाळी लोकलचा दांडा धरताना टोकाला पांढरी दिसली, की दोष बाटलीला दिला जातो. बहुतेक वेळा बाटली निर्दोष असते. थर जाड बसलेला असतो किंवा नखाची कड उघडी राहिलेली असते. लवकर सुकावी म्हणून बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला तर सोडूनच द्या. गार पाण्याने वरून साय धरल्यासारखी वाटते, पण आतला सॉल्व्हंट, म्हणजे सुकताना उडून जाणारा द्रव, तिथेच अडकून राहतो.

नखं कापून, घासून झाली की रिमूव्हरने एकदा पुसून घ्या, जुना रंग नसला तरी. हाताला लावलेलं खोबरेल किंवा क्रीम नखावर राहिलं, तर बेस कोट त्या तेलाला चिकटतो, नखाला नाही. अंघोळ किंवा भांडी आटोपल्यावर तासभर थांबा. नख पाणी पितं आणि फुगतं. नंतर सुकून आकसलं की वरचा थर सुटतो.

बेस कोटचा एकच पातळ थर पुरे. त्यामुळे रंग नखाला धरून राहतो आणि गडद रंगाचा पिवळा डाग नखावर उरत नाही.

खरी गोम रंगाच्या थरांत आहे. ब्रश बाहेर काढताना त्याची एक बाजू बाटलीच्या तोंडावर पूर्ण निपटा आणि दुसऱ्या बाजूच्या टोकाला छोटा थेंब राहू द्या. तेवढा एका नखाला पुरतो. मुळापासून केसभर जागा सोडून थेंब ठेवा. आधी मधून सरळ टोकापर्यंत एक हात मारा, मग दोन्ही बाजूंनी एकेक. रंग कातडीवर गेला तर लगेच काडीने काढा, कारण कातडी हलते आणि तिथूनच थर उचलला जातो.

पहिला थर पट्टेदार आणि विरळ दिसणारच. तो झाकायला अजून रंग ओतायचा मोह होतो, नेमका तो टाळायचा. जाड थर वरून सुकतो, आत मऊ राहतो. त्यावर दुसरा थर चढला की खालचा सॉल्व्हंट बाहेर पडायला धडपडतो आणि बुडबुडे येतात. रात्री चादरीची नक्षी नखावर उमटते तीही याच कारणाने. तीन पातळ थर चालतील, एक जाड थर कधीच नाही.

प्रत्येक थरानंतर ब्रशच्या टोकाने नखाची पुढची कड, म्हणजे जिथे नख कापतो ती धार, आडवी पुसून घ्या. याला सेकंदही लागत नाही, पण हे करायचं बहुतेक जण विसरतात. कणीक मळताना, लसूण सोलताना, मोबाइलवर टाइप करताना आपटते ती हीच धार. ती उघडी राहिली तर पाणी तिथून थराखाली शिरतं. बेस कोट, रंगाचे दोन्ही थर आणि टॉप कोट, चारही वेळा कड बंद करा. नख बोटाच्या टोकाबरोबर कापलेलं असेल तर बोटाची कातडी दुसऱ्या हाताने किंचित खाली ओढा, म्हणजे धार दिसते.

वेळेचा हिशेब असा: नऊला बेस कोट, नऊ वाजून पाच मिनिटांनी पहिला रंग, सव्वानऊला दुसरा, नऊ पंचवीसला टॉप कोट. दोन रंगवलेली नखं एकमेकांना हळूच लावून पाहा. चिकटली तर अजून पाच मिनिटं थांबा. टॉप कोट घाईने चढवला तर ब्रशबरोबर रंग ओढला जातो. बोटाला कोरडी लागली तरी नेलपॉलिश आतून कडक व्हायला काही तास लागतात, म्हणून त्या रात्री गरम पाण्याची भांडी दुसऱ्या कुणाकडे.

मुंबईच्या जुलैत आणखी एक अडचण येते. सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो आणि दमट हवेतला ओलावा त्यावर बसतो, त्यामुळे चमक जाऊन रंगावर धुकं आल्यासारखं दिसतं. खिडकी बंद करा, पंखा कमी ठेवा आणि त्याच्या थेट खाली बसू नका. एसी असेल तर तोच बरा.

बाटली घट्ट झाली असेल तर रिमूव्हर ओतू नका. त्याने घडण बिघडते आणि थर ठिसूळ होतो. नेलपॉलिशचं थिनर मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब घालून बाटली तळहातांत फिरवा. जोरात हलवली तर हवा शिरते आणि बुडबुडे येतात.

एवढं करूनही बिघडलं, तर कसं सुटलं ते पाहा. थर अख्ख्या पापुद्र्यासारखा निघाला तर नखावर तेल किंवा पाणी होतं. टोकाला बारीक टवका गेला तर कड राहिली. मुळाशी उचलला तर रंग कातडीला लागला होता. बुधवारी रात्री टॉप कोटचा अजून एक पातळ हात, अर्थात कडेसकट, दिला तर पुढचा रविवार निभतो.