काय-स्क्वेअरमध्ये टक्के नव्हे, माणसे मोजा

समजा, विष्ठा तपासून गावकऱ्यांमधला हुकवर्म पाहिला. अनवाणी फिरणाऱ्यांत 37.5 टक्के बाधित, चपला घालणाऱ्यांत 22.5 टक्के. दोन गटांतला फरक केवळ योगायोगाचा आहे का, हे काय-स्क्वेअर चाचणी तपासते. अनेकजण हेच आकडे थेट तिच्या सूत्रात घालतात आणि उत्तर 5.36 येते. ते चुकीचे, कारण अशाने प्रत्येक गटात 100 माणसे धरली जातात. प्रत्यक्षात 80च होती.

| गट | बाधित | निरोगी | एकूण |
|---|---|---|---|
| अनवाणी | 30 | 50 | 80 |
| चपला | 18 | 62 | 80 |
| एकूण | 48 | 112 | 160 |

अपेक्षित संख्या म्हणजे ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण माणसे. बाधितांसाठी 80 × 48 ÷ 160 = 24, निरोग्यांसाठी 56. तक्त्याच्या चारही घरांत प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येतला फरक 6 चा. त्याचा वर्ग 36; तो प्रत्येक घरात अपेक्षित संख्येने भागून बेरीज केली की 36/24 + 36/24 + 36/56 + 36/56 = 4.29. अशा 2×2 तक्त्यात स्वातंत्र्य-मात्रा एकच, आणि तिला 5 टक्के पातळीवर सीमा 3.84 असते, म्हणजे फरक लक्षणीय.

आता गंमत पाहा. R या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच आकडे टाकले तर 3.60 दिसते आणि निष्कर्षच उलटतो! 2×2 तक्त्याला R आपणहून येट्सची दुरुस्ती, म्हणजे उत्तर थोडे कमी करणारी सुधारणा, लावते. ती अशी बंद होते:

```
chisq.test(matrix(c(30,18,50,62),2), correct=FALSE)
```

कोणती पद्धत वापरायची हे आकडे हाती येण्याआधीच ठरवा. अपेक्षित संख्या 5 पेक्षा कमी असेल तर फिशरची चाचणी बरी. आणि एकाच कुटुंबातली चार-पाच माणसे घेतली असतील, तर ती एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. तिथे ही चाचणी फरक फुगवून दाखवू शकते.