वाळा, देवगांडूळ की मोठं गांडूळ? फोटोवरून असं ओळखा

मृगाचा पाऊस पडून गेला की न्हाणीत, मोरीत, कुंडीखाली बारीक, काळपट, वळवळणारं काहीतरी निघतं आणि त्याचा फोटो गावभर फिरतो. त्याखाली कुणी ‘सापाचं पिल्लू’ म्हणतं, कुणी ‘देवगांडूळ’. रंग बघून दिलेलं कुठलंही उत्तर धरू नका. वाळा म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बारीक साप, देवगांडूळ आणि गांडूळ, तिघंही तपकिरी, काळपट किंवा जांभळट असू शकतात आणि ओलं अंग सगळ्यांचंच चमकतं.

आधी फोटो कुठला आहे ते विचारा. देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर प्राणी आहे, म्हणजे बेडकाच्या गोतावळ्यातला. महाराष्ट्रात तो सह्याद्री आणि कोकणाच्या दमट पट्ट्यात सापडतो. बीड, लातूर किंवा जालन्याच्या न्हाणीतल्या फोटोवर त्याचं नाव टाकायचं असेल, तर पुरावा तसाच भक्कम हवा. इकडे प्रश्न बहुतेक वेळा दोघांचाच असतो, वाळा आणि गांडूळ.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ फोटो मागवा. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यात सगळ्यात आधी खवले पुसले जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फ्लॅश नको.

आता खरी अडचण. फोटो मोठा केला की अंगावर आडव्या रेघा दिसतात आणि लोक लगेच ‘वलयं आहेत, म्हणजे गांडूळ’ म्हणून मोकळे होतात. इथेच घोळ होतो. वाळ्याचे खवले गुळगुळीत, एकावर एक बसलेले आणि इतके बारीक असतात की शरीराच्या मध्यावर त्यांच्या वीस रांगा मावतात. फोटो जरा हलला की तिरप्या रांगा मिसळून आडव्या रेघांचा भास होतो. म्हणून एकच रेघ धरून तिचा माग काढा. गांडुळाची खाच अंगाभोवती सरळ फिरून जाते. वाळ्याची रेघ मध्येच तुटते, तिरपी वळते आणि तिथं जाळीसारखी नक्षी दिसते. चमकही बघा. वाळ्याच्या पाठीवर ती लांब, सलग पट्टी असते. गांडुळावर प्रत्येक वलयाला वेगळा ठिपका पडतो, जणू ओवलेले मणी.

कात टाकायच्या सुमारास वाळा निळसर-राखाडी, दुधाळ दिसतो आणि खवले आणखी पुसट होतात. अशा फोटोंवर देवगांडुळाचा खोटा दावा सहज होतो. तेव्हा नक्षी सोडा आणि जाडी व टोकं बघा. गांडूळ आखडतं-ताणतं, त्यामुळे एकाच फोटोत ते कुठं जाड, कुठं बारीक असतं. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या पुढच्या भागात वेगळ्या रंगाचा गुळगुळीत पट्टाही असतो. वाळा टोकापासून टोकापर्यंत जवळपास एकाच जाडीचा. त्याची दोन्ही टोकं बोथट असतात, पण शेपटीच्या टोकाला बारीक काट्यासारखं टोक असतं आणि डोक्यावर खवल्याखाली दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे. काळ्या वाळ्यात ठिपके दिसत नाहीत, म्हणून ते न दिसणं हा पुरावा नाही. काटा दिसला तर मात्र वाद संपला. जीभ बाहेर काढलेली दिसली तरीही तेच.

देवगांडुळाच्या अंगावर खाचा असतात, गांडुळासारख्याच. फरक तोंडात आहे. बाजूने घेतलेल्या फोटोत जबड्याची स्पष्ट रेघ दिसते, ती गांडुळाला नसते. वाळ्याचं तोंड नाकाडाच्या खाली दडलेलं असतं. वरून घेतलेल्या फोटोवरून हा निवाडा करूच नका.

उदाहरण घ्या. लातूरच्या एका न्हाणीतल्या काळपट प्राण्याचा फोटो आहे, शेजारी दहा रुपयांचं नाणं. नाणं 27 मिलिमीटरचं. वळणांसकट लांबी सहा नाणी भरली, म्हणजे साधारण 16 सेंटीमीटर. जाडी नाण्याच्या सातव्या हिश्शाएवढी, जवळपास 4 मिलिमीटर, आणि ती सगळीकडे सारखी. पाठीवर सलग चमक, एका टोकाला काटा. हा साधा वाळा, बिनविषारी. तो मुंग्या-वाळवीची अंडी-अळ्या खातो आणि बिळात पाणी शिरलं की वर येतो. तो कानात शिरतो या समजुतीने त्याच्यावर रॉकेल ओतायचं काही कारण नाही.

नुसत्या लांबीवर मात्र विसंबू नका. चोचीसारख्या नाकाचा मोठा वाळा दोन फुटांपर्यंत भरतो. आणि फोटोत पोटाखाली रुंद, आडवे पट्ट्यांसारखे खवले दिसले, तर तो वाळा नाही, कारण वाळ्याच्या पोटावर आणि पाठीवर सारखेच खवले असतात. मान वेगळी दिसत असेल किंवा अंगावर पांढरे आडवे पट्टे असतील, तर मण्यारीसारख्या विषारी सापाचं पिल्लू धरून चाला, हात लावू देऊ नका आणि सर्पमित्राला बोलवायला सांगा.

फोटो अपुरा असेल तर आणखी तीन मागा: शेपटीचं टोक जवळून, डोकं बाजूने आणि नाण्यासकट पूर्ण अंग. विषारी सापाचा संशय नसेल तरच प्राणी कागदाने उचलून पांढऱ्या ताटात ठेवायला सांगा, बोटांनी नको. तेवढं मिळालं नाही तर ‘ओळख पटत नाही’ असं सरळ लिहा.