समोर कोणी नसताना केलेली डेल्फ बी१ तोंडी परीक्षेची तयारी

सांगलीत फ्रेंच बोलणारे माणूस मला शेवटपर्यंत भेटले नाही आणि ऑनलाइन वर्गात माझ्या वाट्याला बोलायला दोन-तीन मिनिटेच येत. त्यामुळे डेल्फ बी१ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेतल्या तोंडी भागाची तयारी मी विश्रामबागेतल्या खोलीत आरशासमोर केली. पहिल्या वेळी मला 25 पैकी 9 गुण मिळाले, एकूण गुण उत्तीर्ण होण्यासाठी लागणाऱ्या 50 च्या खाली राहिले आणि ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे हे चारही भाग पुन्हा द्यावे लागले.

तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून देण्याचा भाग बराचसा आधी बसवता येतो आणि शेवटच्या मतप्रदर्शनाच्या तयारीला 10 मिनिटे मिळतात. मी फसले ती मधल्या संवादात. तो 3 ते 4 मिनिटांचा असतो आणि त्याच्या तयारीला वेळ मिळत नाही. उसवलेली बॅग दुकानात परत करण्याचा प्रसंग मला आला होता आणि तसाच संवाद मी पाठ केलेला होता. मात्र दुकानदार झालेल्या परीक्षकबाई म्हणाल्या, की सवलतीतला माल परत घेत नाहीत. मी पाठ केलेले वाक्य पुन्हा म्हटले, त्यांनी पुन्हा नकार दिला आणि मी गप्प झाले. समोरच्याचे ऐकून नवा तोडगा सुचवणे हीच या भागाची कसोटी असते, आणि आरसा कधीच नकार देत नाही. म्हणूनच तयार संवादांच्या वह्या विकत घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगते.

दुसऱ्या वेळी मी फोनवर स्वतःच्याच आवाजात वीस नकार फ्रेंचमध्ये मुद्रित केले: पावती नाही, मालक बाहेर गेले आहेत, त्या दिवशी मला जमणार नाही. आठवडाभर ते ऐकले नाहीत. मग प्रसंगाची एक चिठ्ठी उचलून ते उलटसुलट क्रमाने लावले आणि प्रत्येकानंतर फोन थांबवून लगेच उत्तर दिले. काही नकार प्रसंगाशी जुळत नसत, पण त्यामुळेच विचार करावा लागे. उत्तराची सुरुवात ‘ज कोंप्रां, मे...’ म्हणजे ‘समजले, पण...’ अशी करून बॅग बदलून द्या, नाहीतर शिवून द्या, असा एक नवा पर्याय मांडायचा, एवढाच नियम होता. उत्तरे आईच्या फोनवर मुद्रित होत. ती ऐकताना मी फक्त दोन गोष्टी तपासत असे: जुनेच वाक्य पुन्हा आले का, आणि दुकानदाराला ‘वू’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणता म्हणता मध्येच ‘त्यु’ म्हणजे ‘तू’ तर निघाले नाही ना. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक वेळा मी अडखळले. तुमचेही तसे झाले तर घाबरू नका, महिनाभरात ते कमी होते.

उच्चारांच्या चुका मात्र या पद्धतीत स्वतःला ऐकू येत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून एक मुद्रण मी वर्गातल्या बाईंना पाठवत असे.